पीएफ खात्याची नावे बाकी: मार्च २०२५ च्या पगाराचं एक प्रकरण

औद्योगिक वसाहतीतला यंत्रभाग घडवणारा एक भागीदारी कारखाना घेऊ. कारखाना कल्पित आहे. दर आणि तारखा मात्र महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षी लागू असलेल्या आहेत. माणसं चोवीस: यंत्रांवर वीस कामगार आणि कार्यालयात व देखरेखीला चौघे. कार्यालयातल्यांचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकेत जमा होतो. कामगारांचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होतो, कारण हजेरी आणि ओव्हरटाइमचा हिशेब महिना संपल्याशिवाय लागत नाही. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला त्या वर्षीच्या कायद्यानेही ७ तारखेपर्यंतच मुदत होती.

३१ मार्चचं तेरीज पत्रक काढलं तेव्हा 'पीएफ देणे' या खात्यावर ४,४५,४०० रुपयांची नावे बाकी, म्हणजे देण्याऐवजी येणं, दिसली. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेला आकडे द्यायचे होते, म्हणून शेठ जरा खूशच झाले. "मॅडम, म्हणजे पीएफ ऑफिसकडून आपलेच साडेचार लाख येणे आहेत का?" त्यांनी हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं. बाईंनी वर्षभराची चलनं काढून दाखवली. दर महिन्याला भरणा झालेला होता, जास्तीचा एक रुपयाही गेलेला नव्हता. मग देण्याच्या खात्यावर येणं आलं कुठून?

ते कळण्यासाठी एका कामगाराच्या पगारापासून सुरुवात करू.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, घरभाडे भत्ता ४,००० आणि त्या महिन्याचा ओव्हरटाइम १,२००. एकूण पगार १९,२०० रुपये. वजावटींचं गणित याच्यापुढे सुरू होतं आणि प्रत्येक वजावट वेगळ्या रकमेवर लागते, हे आधी मनात पक्कं ठेवायला हवं. पीएफ मूळ पगार व महागाई भत्त्यावर १२ टक्के, म्हणजे १,६८०. घरभाडं आणि ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, मात्र ओव्हरटाइमसह सगळ्या पगारावर लागतो. कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १४४ रुपये. कामगार ईएसआयमध्ये येतो की नाही हे ठरवताना महिना २१,००० रुपयांच्या मर्यादेत ओव्हरटाइम मोजत नाहीत, पण वर्गणी काढताना मोजतात. या बारीक फरकावर पगारपत्रकं हमखास चुकतात. व्यवसाय कर २०० रुपये. हातात पडतात १७,१७६ रुपये.

इथपर्यंत कामगाराच्या पावतीवर दिसतं. मालकाचा हिस्सा पावतीवर बहुधा नसतो आणि वहीतूनही तो तिथेच निसटतो. मालक त्याच १४,००० वर स्वतःचे १२ टक्के, म्हणजे आणखी १,६८० भरतो. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५१४ कामगाराच्या पीएफ खात्यात. शिवाय कामगाराच्या विमा योजनेचा अर्धा टक्का, ७० रुपये, आणि प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का, तेही ७० रुपये. ईएसआयचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, ६२४ रुपये. एकूण २,४४४. म्हणजे १७,१७६ रुपये घरी नेणारा हा माणूस कारखान्याला २१,६४४ रुपयांना पडतो. खर्चाच्या खात्यावर यायला हवा तो हाच शेवटचा आकडा.

आता सगळा कारखाना.

वीस कामगारांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २,८०,००० रुपये, घरभाडं ८०,००० आणि मार्चचा ओव्हरटाइम १६,०००. एकूण ३,७६,०००. कार्यालयाकडच्या चौघांचा पगार १,८०,०००, त्यात व्यवस्थापकांचे ८५,०००. सगळ्यांचा मिळून एकूण पगार ५,५६,००० रुपये. मूळ पगार कितीही असला तरी चौघांचा पीएफ या कारखान्यात १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणून प्रत्येकी १,८००.

वजावटी अशा निघतात. पीएफ कामगारांचा ३३,६०० आणि चौघांचा ७,२००, मिळून ४०,८००. ईएसआय फक्त वीस कामगारांचा, २,८२०. (प्रत्यक्षात प्रत्येकाची ईएसआय रक्कम वरच्या रुपयात पूर्ण करतात, म्हणून चलनाशी दहापाच रुपयांचा फरक पडतो. इथे तो सोडला आहे.) व्यवसाय कर वीस जणांचा ४,०००, कारण कामगारांपैकी चार महिला आहेत आणि एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना राज्यात तो माफ आहे. आयकर एकट्या व्यवस्थापकांचा. वर्षाचा पगार १०,२०,०००, नव्या पद्धतीतली प्रमाणित वजावट ७५,०००, उरलेल्या ९,४५,००० वर उपकरासह कर ४६,२८०. अकरा महिने ३,८५७ कापले, म्हणून मार्चमध्ये उरलेले ३,८५३.

यात आणखी एक वजावट आहे आणि तिचा स्वभाव वेगळा आहे. दोन कामगारांनी जानेवारीत उचल घेतली होती, तिचे ६,००० रुपये मार्चच्या पगारातून कापले. ही रक्कम कुणाकडेही भरायची नाही. ती कारखान्याचं येणं होती, ते येणं कमी झालं, एवढंच. तिला 'वजावटी देणे' अशा एखाद्या सरसकट खात्यात टाकलं तर तिथे कधीच न फिटणारं देणं साचत जातं आणि उचल खातं मात्र आहे तिथेच राहतं.

३१ मार्चची पहिली नोंद मग अशी होते:

पगार व मजुरी खाते, नावे ५,५६,०००
पीएफ देणे, कर्मचाऱ्यांचा हिस्सा, जमा ४०,८००
ईएसआय देणे, कर्मचाऱ्यांचा हिस्सा, जमा २,८२०
व्यवसाय कर देणे, जमा ४,०००
पगारावरील आयकर देणे, जमा ३,८५३
कामगार उचल, जमा ६,०००
निव्वळ पगार देणे, जमा ४,९८,५२७

ही नोंद बाई दर महिन्याला करत होत्या आणि बरोबर करत होत्या. बऱ्याच लहान कारखान्यांत बँकेतून गेलेला निव्वळ पगार तेवढा खर्चात टाकतात. इथे तसं नव्हतं. चूक ही होती की पुढची दुसरी नोंद होतच नव्हती:

पीएफमधील मालकाची वर्गणी व अनुषंगिक खर्च, नावे ४४,२००
ईएसआयमधील मालकाची वर्गणी, नावे १२,२२०
पीएफ देणे, मालकाचा हिस्सा, जमा ४४,२००
ईएसआय देणे, मालकाचा हिस्सा, जमा १२,२२०

४४,२०० म्हणजे मालकाचे ४०,८००, विम्याचे १,७०० आणि प्रशासन खर्चाचे १,७००. पीएफचं चलन एकच निघतं, कर्मचाऱ्यांचा आणि मालकाचा हिस्सा मिळून ८५,००० चं. बाई ते भरल्यावर पूर्ण ८५,००० 'पीएफ देणे' खात्याच्या नावे टाकत. जमेला मात्र त्या खात्यात महिन्याला ४०,८०० च येत होते. म्हणजे दरमहा ४४,२०० रुपये देण्याच्या खात्यातून जास्त बाहेर जात होते आणि खर्चाला लागत नव्हते.

वर्षाचं गणित मांडलं की नावे बाकी पैन्पै जुळते. पीएफवर ओव्हरटाइमचा परिणाम नाही आणि वर्षभर माणसं व मूळ पगार तेच राहिले, म्हणून सगळे महिने सारखे धरता येतात. १ एप्रिल २०२४ ला सुरुवातीची बाकी ८५,००० जमा. आधीच्या वर्षी सनदी लेखापालांनी वर्षअखेरीस ती दुरुस्त करून दिली होती, पण कारखान्यातली नोंदीची पद्धत तशीच राहिली. वर्षभरात जमा झाले १२ महिन्यांचे ४,८९,६००. नावे पडली बारा चलनं, १०,२०,०००. शेवटी ४,४५,४०० ची नावे बाकी. असायला हवे होते मार्चचे ८५,००० जमा. दोन्हींमधला फरक ५,३०,४००, म्हणजे बरोबर बारा वेळा ४४,२००.

म्हणून माझा आग्रह असा की महिनाअखेरीला देण्याच्या प्रत्येक खात्याची बाकी नुसती पाहू नये, ती कशाची बनली आहे हे सांगता आलं पाहिजे. पीएफ देणे खात्यावर महिनाअखेरीला फक्त त्या एका महिन्याचं चलन शिल्लक असावं. त्यापेक्षा जास्त जमा असेल तर मागचं एखादं चलन भरायचं राहिलं आहे किंवा भरलेलं दुसऱ्याच खात्यात पडलं आहे. कमी असेल किंवा नावे असेल तर मालकाचा हिस्सा नोंदवलेला नाही. एप्रिलमध्येच कुणी हे पाहिलं असतं तर ३० तारखेला ८५,००० ऐवजी ४०,८०० दिसले असते आणि उत्तर तेव्हाच मिळालं असतं. मेपासून बाकी नावे झाली, तेव्हा तर देण्याच्या यादीत ती डोळ्यांत भरायला हवी होती.

दुरुस्तीची नोंद साधी आहे. मालकाची वर्गणी खात्याच्या नावे ५,३०,४००, पीएफ देणे खात्याला जमा ५,३०,४००. बाकी ८५,००० जमा होते. नफा तेवढाच उतरतो, शेठना वाटलेलं येणं नाहीसं होतं आणि बँकेला जाणारे आकडे खरे होतात. दुरुस्ती राहिली असती तर नसलेल्या नफ्यावर, भागीदारी संस्थेच्या ३० टक्के दराने आणि ४ टक्के उपकरासह, सुमारे १,६५,००० रुपयांचा कर भरला गेला असता. ईएसआयमध्येही तोच प्रकार होता. फक्त तिथे ओव्हरटाइममुळे आकडा दरमहा हलतो, म्हणून बाराने गुणून भागत नाही, एकेका चलनावरून मालकाचा हिस्सा उचलावा लागतो.

वर दिलेल्या नोंदींत पीएफ देणे खात्याचे दोन भाग मुद्दाम केले आहेत. चलन एकच आहे, भरणा एकाच दिवशी होतो, तरी दोन खाती. याचं कारण या कारखान्याच्या ऑक्टोबर महिन्यात सापडतं.

सप्टेंबर २०२४ च्या पगाराचा पीएफ १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा होता. दिवाळी तोंडावर होती, पोलादाच्या व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते, कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली होती. शेठ म्हणाले, "मॅडम, चार दिवस थांबू. व्याज लागेल ते भरू." चलन २१ ऑक्टोबरला भरलं, सहा दिवस उशिरा. पीएफच्या कायद्याने उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज आहे. ८५,००० वर सहा दिवसांचं ते होतं जेमतेम १६८ रुपये. शिवाय थकबाकीवर दरमहा १ टक्क्याने भरपाईची रक्कम लागू शकते, ती धरा ८५०. शेठच्या हिशेबाने सौदा वाईट नव्हता.

पण चलनातल्या ८५,००० मध्ये ४०,८०० कामगारांचे होते. ते त्यांच्या पगारातून कापले गेले होते, कारखान्याकडे फक्त पुढे भरण्यासाठी आले होते. १९६१ चा आयकर कायदा, जो २०२४-२५ या वर्षाला लागू आहे, अशी कापलेली रक्कम आधी मालकाचं उत्पन्न धरतो आणि पीएफ कायद्याच्या मुदतीत भरली तरच तिची वजावट देतो. मालकाच्या स्वतःच्या हिश्शाला वेगळा नियम आहे. तो विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत भरला तरी खर्च म्हणून चालतो. कर्मचाऱ्यांच्या हिश्शालाही हीच सवलत मिळावी असं अनेक उच्च न्यायालयांनी मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात ते नाकारलं. कामगाराचा पैसा मालकाजवळ विश्वस्त म्हणून असतो, त्याला मालकाच्या खर्चाची सवलत लागू नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे.

परिणाम असा की सप्टेंबरचे ४४,२०० खर्चात धरले जातात आणि ४०,८०० उत्पन्नात मिळवले जातात, तेही कायमचे. पुढच्या वर्षी त्यांची वजावट मिळत नाही. कर लागतो सुमारे १२,७३० रुपये. १६८ रुपयांच्या व्याजाशेजारी हा आकडा ठेवला तेव्हा शेठ गप्प झाले. कर लेखापरीक्षणाच्या नमुना ३सीडीमध्ये कर्मचाऱ्यांच्या वर्गणीची महिनावार रक्कम, मुदत आणि भरल्याची तारीख द्यावीच लागते, त्यामुळे हा उशीर झाकूनही राहत नाही.

वहीत पीएफचं एकच खातं असेल तर पैशांची ओढाताण असताना मालकाला दिसतं 'पीएफ देणे ८५,०००', आणि ते कोणत्याही व्यापाऱ्याच्या देण्यासारखंच दिसतं. दोन खाती असतील तर ४०,८०० वेगळे उभे राहतात. चलनात फक्त कर्मचाऱ्यांचा हिस्सा आधी भरण्याची सोय सरसकट गृहीत धरू नये, म्हणून व्यवहारात पूर्ण चलनच १५ तारखेच्या आत जायला हवं. पण कशासाठी घाई करायची हे वहीने सांगायला हवं आणि दोन खात्यांत ते स्पष्ट दिसतं.

आता दुरुस्तीनंतरची ३१ मार्च २०२५ ची संध्याकाळ पाहू. कार्यालयातल्या चौघांचे निव्वळ १,६८,१४७ रुपये त्या दिवशी बँकेतून गेले. राहिलं ते असं:

कामगारांचा निव्वळ पगार ३,३०,३८०
पीएफ, कर्मचाऱ्यांचा हिस्सा ४०,८००
पीएफ, मालकाचा हिस्सा ४४,२००
ईएसआय, दोन्ही हिस्से मिळून १५,०४०
व्यवसाय कर ४,०००
पगारावरील आयकर ३,८५३

एकूण ४,३८,२७३ रुपये. हा आकडा दुसऱ्या बाजूनेही ताडून पाहता येतो. मार्चचा पूर्ण खर्च, म्हणजे एकूण पगार ५,५६,००० आणि मालकाचे ५६,४२०, मिळून ६,१२,४२०. त्यातून दिलेले १,६८,१४७ आणि वळती झालेली उचल ६,००० वजा करा, ४,३८,२७३ च उरतात. ही ताडणी दर महिन्याला दोन मिनिटांत होते आणि मालकाचा हिस्सा विसरला असेल तर ती जुळतच नाही. पुढच्या पंधरवड्यात कारखान्याला किती रोख लागणार आहे, हेही याच यादीवरून कळतं. ३१ मार्चला बँकेत दिसणारी रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्यातले हे सव्वाचार लाखांहून अधिक रुपये आधीच खर्च झालेले आहेत.

महाराष्ट्र कामगार कल्याण निधी या यादीत नाही, कारण तो फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापतात. बोनस, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेची तरतूद वर्षअखेरीस करावीच लागते, पण ती वेगळ्या गणिताने निघते आणि पगारपत्रकातून येत नाही, म्हणून इथे घेतलेली नाही.

पुढे एप्रिलमध्ये एकेक खातं आपापल्या तारखेला मिटत जातं. ७ तारखेला कामगारांचा पगार, १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआय, आणि आयकर ३० तारखेपर्यंत, कारण इतर महिन्यांची मुदत पुढच्या ७ तारखेची असली तरी मार्चमध्ये कापलेल्या कराला महिनाभर मिळतो. ३० एप्रिलला मार्चच्या यादीतली दोनच देणी शिल्लक राहिली. एक व्यवसाय कराचं. या कारखान्याचा वर्षाचा व्यवसाय कर लाखाच्या आत आहे, म्हणून तो वर्षातून एकदाच भरतो. फेब्रुवारीपर्यंतच्या पगारांवरचा कर ३१ मार्चपर्यंत जातो आणि मार्चच्या पगारापासून खातं नव्याने साचू लागतं. या एका खात्यावर अनेक महिन्यांची जमा बाकी दिसणं बरोबर आहे, फक्त ती किती महिन्यांची हे मोजता आलं पाहिजे.

दुसरं देणं १७,१७६ रुपयांचं. वर ज्याचा पगार मांडला तो कामगार मार्चअखेर काम सोडून गावी गेला. त्याचं बँक खातं बंद झालेलं होतं, त्यामुळे ७ तारखेला पाठवलेली रक्कम परत आली. बाईंनी ती निव्वळ पगार देणे खात्यातून काढून त्याच्या नावाच्या 'न दिलेला पगार' खात्यात ठेवली. शेठनी विचारलं, "किरकोळ उत्पन्नात घ्यायची का?" बाई म्हणाल्या, "नाही शेठ, ते पैसे त्याचे आहेत." त्याचा पीएफ आणि ईएसआय इतरांबरोबर १५ तारखेच्या आत भरला गेला होता, आणि नवीन खात्याचा क्रमांक मागवणारं पत्र त्याच्या गावच्या पत्त्यावर रवाना झालं होतं.